एकच आवाज, दोनदा: टीव्ही आणि बाहेरचे स्पीकर

टीव्हीला साउंडबार किंवा होम थिएटर जोडल्यावर बातम्या सांगणाऱ्याचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. आवाज रिकाम्या खोलीत घुमल्यासारखा होतो आणि शब्द नीट कळत नाहीत. अशा वेळी संशय प्रथम नव्या स्पीकरवर, मग खोलीवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. टीव्हीच्या पोटातले स्पीकर बंद झालेले नसतात आणि तेच शब्द दोन ठिकाणांहून, थोड्या वेगळ्या वेळी, कानावर पडत असतात.

हा गोंधळ दोन जागांमधल्या अंतरामुळे होत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, म्हणजे एक मीटर पार करायला त्याला जेमतेम 3 मिलिसेकंद लागतात. दिवाणखान्यात टीव्ही आणि स्पीकर यांच्या अंतरात दोन-तीन मीटरचा फरक असला, तरी तो 10 मिलिसेकंदांच्या आतच राहतो. मोठ्या मैदानावरच्या सभेत गोष्ट वेगळी असते. तिथे एक कर्णा जवळ आणि दुसरा त्याहून 35 मीटर दूर असेल, तर वक्त्याचं तेच वाक्य दुसऱ्या कर्ण्यातून एक दशांश सेकंद मागून येतं. घरात इतका फरक पडतो तो हवेतल्या प्रवासात नाही, तर उपकरणांच्या आत.

दोन आवाजांमध्ये किती अंतर पडलं की कान त्यांना वेगळं मोजतो, याचा अभ्यास जर्मनीत हेल्मुट हास यांनी केला. 1949 सालच्या त्यांच्या प्रबंधावरून या परिणामाला हास परिणाम असं नाव पडलं. तोच आवाज साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा आला, तर मेंदू दोन्ही एकत्र करून एकच आवाज ऐकवतो आणि तो जिथून आधी आला तिथूनच आल्याचं भासवतो. फरक 50 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की बोलण्यातला दुसरा आवाज सुटा पडू लागतो. शंभर-दीडशे मिलिसेकंदांना तर तो स्पष्ट प्रतिध्वनी होतो. संगीताच्या संथ सुरात हीच मर्यादा जरा सैल असते. म्हणून जोडणी तीच असूनही आलापाच्या वेळी काही खटकत नाही आणि बातम्या लागताच त्रास सुरू होतो.

फरक अगदी थोडा, एक-दोन मिलिसेकंदांचा असेल, तर प्रतिध्वनी ऐकू येत नाही, पण आवाजाचा पोत बिघडतो. दोन लहरी एकमेकींवर पडतात तेव्हा काही स्वर वाढतात आणि काही एकमेकांना मारून टाकतात. बरोबर 1 मिलिसेकंदाचा फरक असेल तर 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठरावीक जागी आवाज खचतो. माणसाच्या बोलण्याची स्पष्टता याच पट्ट्यात असते, त्यामुळे आवाज पत्र्याच्या डब्यातून किंवा नळीतून आल्यासारखा वाटतो. अशी तक्रार असली की स्पीकरची प्रत कमी आहे असं ठरवून टाकण्याआधी टीव्हीचे स्पीकर चालू आहेत का, हे एकदा पाहावं.

उपकरणाच्या आत उशीर कुठे होतो? सर्वांत मोठा वाटा टीव्हीच्या चित्राचा असतो. आजचा टीव्ही आलेलं चित्र तसंच पडद्यावर टाकत नाही. तो आकार वाढवतो, खरखर काढतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये नवी चित्रं बनवून भरतो. यासाठी त्याला काही चित्रं हातात धरून ठेवावी लागतात, आणि तेवढ्या वेळात ओठांच्या हालचाली मागे पडतात. ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून टीव्ही आपल्या स्पीकरचा आवाजही मुद्दाम तेवढाच रोखून धरतो. दुसरा वाटा आवाज उलगडण्याचा असतो. डॉल्बी डिजिटल पद्धतीचा आवाज 1536 नमुन्यांच्या गठ्ठ्यांनी येतो. सेकंदाला 48,000 नमुने धरले तर एक गठ्ठा 32 मिलिसेकंदांचा होतो, आणि गठ्ठा पुरा हाती आल्याशिवाय तो सोडवता येत नाही. तिसरा वाटा ब्लूटूथचा. साध्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये आवाज दाबून पाठवणं, साठवणं आणि पुन्हा मोकळा करणं यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. टीव्ही आणि ब्लूटूथ स्पीकर एकत्र लावले की प्रतिध्वनी जवळपास ठरलेलाच असतो, तो यामुळे.

दोष ओळखण्याची पहिली पायरी अगदी सोपी आहे. टीव्हीचा आवाज टीव्हीच्याच रिमोटने पूर्ण बंद करायचा, किंवा बाहेरच्या स्पीकरची तार काढायची, आणि काय उरतं ते ऐकायचं. दोन्हींपैकी एक बंद होताच प्रतिध्वनी गेला, तर दोन्ही एकत्र वाजत होते हे सिद्ध झालं. टीव्ही गप्प असूनही आवाज घुमतच असेल, तर कारण दुसरं आहे. होम थिएटरवर सभागृहासारखा घुमारा देणारी ध्वनिशैली लागलेली असेल, किंवा खोलीत पडदे, गादी, सतरंजी असं आवाज शोषणारं काहीच नसेल. मेनूमध्ये कितीही फिरलं तरी हे दोष सुटत नाहीत, त्यामुळे ते आधीच वेगळे काढलेले बरे.

आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त आढळणारी मांडणी सविस्तर पाहण्यासारखी आहे. डिश अँटेनाचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडलेला असतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेलं होम थिएटर त्याच बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या तारांच्या जोडीवर बसवलेलं असतं. जोडणाऱ्याने हे सरळ विचाराने केलेलं असतं, कारण बॉक्समधून आवाज निघतो आणि होम थिएटरला लाल-पांढरी भोकं आहेत. पण यात आवाजाला दोन वाटा मिळाल्या. एक वाट बॉक्समधून थेट होम थिएटरला जाते आणि तिथे आवाज जवळजवळ लगेच वाजतो. दुसरी वाट टीव्हीतून जाते आणि तिथे तो चित्रासाठी थांबवला जातो. टीव्हीला पाठीमागच्या लाल-पांढऱ्या तारांची काहीच कल्पना नसते, त्यामुळे तो आपले स्पीकर आपणहून बंद करण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन वाटांतला फरक मोजताही येतो. मोबाइल टीव्ही आणि होम थिएटर यांपासून सारख्या अंतरावर ठेवून, टाळी किंवा तबल्याची थाप अशा एखाद्या तुटक आवाजाच्या वेळी ध्वनिमुद्रण करायचं. नंतर ते Audacity सारख्या आवाज कापण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडायचं. एका थापेच्या जागी दोन उंच टोकं दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदात वाचता येतं. कुठलं टोक कुणाचं हे कळण्यासाठी मोबाइल टीव्हीच्या अगदी जवळ नेऊन पुन्हा मुद्रण करायचं. जे टोक आता जास्त उंच झालं ते टीव्हीचं. समजा दोन टोकांत 100 मिलिसेकंदांचं अंतर आहे आणि टीव्हीचं टोक दुसरं आहे. याचा अर्थ होम थिएटर टीव्हीच्या 100 मिलिसेकंद पुढे धावतं आहे.

इथे बहुतेक जण टीव्हीचा आवाज शून्यावर आणून थांबतात. प्रतिध्वनी खरोखर जातो, पण दुसरा दोष तसाच राहतो. टीव्हीचा आवाज चित्राशी जुळवलेला होता, म्हणजे होम थिएटर चित्राच्याही 100 मिलिसेकंद पुढे आहे. निवेदकाचा शब्द ऐकू येतो आणि ओठ मागून हलतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी 1359 या शिफारशीत यासाठी आकडे दिले आहेत. आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतं आणि 90 च्या पुढे तो स्वीकारार्ह राहत नाही. आवाज मागे पडला तर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत तो बहुधा लक्षातही येत नाही. हा फरक माणसाच्या सवयीतून आलेला दिसतो. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असेल, तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. आवाज आधी आणि दृश्य नंतर, असं निसर्गात कधी घडत नाही.

होम थिएटरमधला आवाज थोडा उशिरा सोडण्याची सोय असती तर 100 मिलिसेकंदांचा उशीर घालून काम भागलं असतं. चांगल्या एव्ही रिसीव्हरमध्ये ती असते, साध्या होम थिएटरमध्ये सहसा नसते. म्हणून योग्य उपाय तारेचा आहे. आवाज बॉक्समधून घ्यायचा नाही, टीव्हीमधून घ्यायचा. टीव्ही हा साखळीतला शेवटचा टप्पा आहे. चित्राला किती उशीर होतो हे त्यालाच ठाऊक असतं, आणि बाहेर पाठवायचा आवाजही तो साधारणपणे तेवढा रोखूनच पाठवतो. शिवाय पेनड्राइव्ह, मोबाइल किंवा टीव्हीतली अॅप्स यांचा आवाजही मग त्याच वाटेने होम थिएटरला मिळतो. बॉक्समधून थेट तार असताना तो मिळतच नव्हता.

टीव्हीतून आवाज बाहेर काढण्याच्या वाटा मुख्यतः तीन. त्यातली सर्वांत सोयीची एचडीएमआय एआरसी. टीव्हीच्या एखाद्याच एचडीएमआय भोकाजवळ ही अक्षरं छापलेली असतात आणि साउंडबार त्याच भोकाला जोडावा लागतो, शेजारच्याला जोडून चालत नाही. 2009 मधल्या एचडीएमआय 1.4 आवृत्तीपासून ही सोय आली. एरवी एचडीएमआयमधून चित्र-आवाज टीव्हीकडे येतात, इथे आवाज त्याच तारेतून उलटा बाहेर जातो. या तारेतून आवाजाबरोबर निरोपही जातात. त्या निरोपांच्या पद्धतीला सीईसी म्हणतात, पण प्रत्येक कंपनी मेनूमध्ये तिला आपलं नाव देते: सॅमसंगवर Anynet+, एलजीवर SIMPLINK, सोनीवर BRAVIA Sync. साउंडबार चालू झाला की तो टीव्हीला तसं कळवतो, टीव्ही आपले स्पीकर बंद करतो आणि टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. म्हणजे दोन्ही एकत्र वाजण्याचा प्रश्न मुळातच निर्माण होत नाही. मात्र मेनूमध्ये सीईसी बंद असेल तर एआरसी जोडूनही हे काही घडत नाही. एआरसी लावूनही दोन्ही वाजत असतील, तर पहिल्यांदा हीच खूण तपासावी.

दुसरी वाट ऑप्टिकल तारेची, जिच्या टोकाला लाल उजेड दिसतो. ती एकमार्गी आहे. तिच्यातून आवाज जातो, पण पलीकडे कोण आहे हे टीव्हीला कळत नाही. त्यामुळे स्पीकर बंद करण्याचं काम माणसाने मेनूतून करावं लागतं. सॅमसंगच्या टीव्हीवर ती जागा Sound Output या नावाने, एलजीवर Sound Out या नावाने सापडते. सोनीवर Speakers या ओळीत TV speakers आणि Audio system असे पर्याय असतात, त्यांतला Audio system निवडायचा. काही टीव्हींवर ऑप्टिकल आणि टीव्हीचा स्पीकर दोन्ही एकदम असाही पर्याय असतो, आणि यादी भराभर खाली नेताना नेमका तोच निवडला जातो. गावाहून आलेल्या पाहुण्याने रिमोट हाताळल्यावर अचानक प्रतिध्वनी सुरू झाला, तर बहुधा याच ओळीत बदल झालेला असतो.

तिसरी वाट हेडफोनच्या 3.5 मिलिमीटर भोकाची. अनेक टीव्ही तिथे तार घुसताच आपले स्पीकर बंद करतात, काहींवर त्यासाठी मेनूमध्ये हेडफोन की बाहेरचा आवाज अशी निवड करावी लागते. इथे आवाज शून्यावर आणण्याची युक्ती उलटते. या भोकातून निघणारा आवाज बऱ्याचदा टीव्हीच्या आवाजाबरोबरच कमी-जास्त होतो, त्यामुळे टीव्ही शून्यावर नेला की बाहेरचा स्पीकरही गप्प होतो. ऑप्टिकलवर सहसा तसं होत नाही. तिथे आवाजाची पातळी ठरलेली असते आणि तो कमी-जास्त करण्यासाठी होम थिएटरचाच रिमोट हातात घ्यावा लागतो.

वर सांगितलेल्या जुन्या होम थिएटरला ना एचडीएमआय असतं ना ऑप्टिकल, फक्त लाल-पांढरी भोकं असतात. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर एका टोकाला 3.5 मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी तार पुरते. ते भोक नसेल तर ऑप्टिकल आवाज लाल-पांढऱ्या तारांवर आणणारी छोटी कन्व्हर्टर डबी मधे लावावी लागते. डबी लावल्यावर आवाजच येत नाही, किंवा नुसती खरखर येते, असा अनुभव पुष्कळांना येतो आणि डबी खराब निघाली म्हणून परत केली जाते. प्रत्यक्षात साध्या डबीला डॉल्बीचे गठ्ठे सोडवता येत नाहीत. टीव्हीच्या मेनूमध्ये डिजिटल आवाजाचा प्रकार Auto वरून PCM वर आणला की टीव्ही स्वतः गठ्ठे सोडवून साधा स्टीरिओ आवाज पाठवतो आणि डबी बोलू लागते. या बदलात पाच स्पीकरचा वेगवेगळा आवाज जातो आणि दोनच वाहिन्यांचा उरतो. पण लाल-पांढऱ्या तारांच्या एका जोडीतून एरवीही तेवढाच जात होता, त्यामुळे काही गमावलेलं नसतं.

तार बदलून झाल्यावर बॉक्समागची जुनी लाल-पांढरी जोडी काढून टाकावी. ती लटकत राहिली आणि पुढे कुणी होम थिएटरवर तो जुना इनपुट निवडला, तर आवाज पुन्हा चित्रापुढे धावू लागतो. मग टीव्हीचे स्पीकर मेनूतून बंद करायचे आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा करून पाहायचं. आता एकच टोक दिसायला हवं. ओठ आणि शब्दांमध्ये थोडा फरक उरला, तर बाहेर जाणाऱ्या आवाजाचा उशीर बदलण्याची जागा अनेक टीव्हींत असते. सॅमसंगवर ती Digital Output Audio Delay या नावाने येते. अशा ठिकाणी आवाज मागे ढकलता येतो, पण चित्राच्या पुढे ओढून आणता येत नाही. आवाज आधीच मागे पडत असेल, तर ही किंमत शून्यावर न्यायची, आणि तेही न पुरल्यास डिजिटल आवाज PCM वर आणून गठ्ठा सोडवण्याचा बाहेरचा उशीर वाचवायचा. टीव्हीच्या गेम मोडचा इथे उपयोग नाही. तो चित्राचा उशीर कमी करतो, म्हणजे मागे पडलेला आवाज आणखी मागे पडलेला दिसतो.

काही वेळा प्रतिध्वनी एका वाहिनीवर येतो आणि दुसरीवर येत नाही. यामागेही तोच गठ्ठा असतो. साध्या स्टीरिओ आवाजात टीव्हीचा स्पीकर आणि ऑप्टिकलवरचा साउंडबार यांच्यात फरक इतका थोडा पडतो की कान दोन्ही एकत्र करून घेतो. डॉल्बी आवाज असलेली एचडी वाहिनी लागली की साउंडबारला स्वतः गठ्ठे सोडवावे लागतात आणि तो मागे पडतो. तेव्हा वाहिनी दोषी नसते. दोन्ही स्पीकर आधीपासूनच एकत्र वाजत असतात, डॉल्बीमुळे ते फक्त उघडं पडतं.

वीज जाऊन परत आल्यावर जमलेली घडी कधी कधी मोडते. टीव्ही लवकर जागा होतो, साउंडबार उशिरा, आणि निरोपांची देवाणघेवाण फसते. मग टीव्ही आपल्या स्पीकरवर परततो. दोन्ही उपकरणं रिमोटने नाही, तर भिंतीवरच्या बटणावरून बंद करून एक-दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली की ओळख बहुधा पुन्हा पटते. सारखंच असं होत असेल तर एआरसी सोडून ऑप्टिकलवर जाणं आणि टीव्हीचे स्पीकर मेनूतून कायमचे बंद करणं जास्त निवांत ठरतं.

दोन्ही स्पीकर एकत्र वाजवणं नेहमीच चूक असतं असं नाही. सॅमसंगची Q-Symphony, एलजीची WOW Orchestra, सोनीची Acoustic Center Sync या सोयी त्याचसाठी बनवलेल्या आहेत. पण तिथे टीव्ही आणि साउंडबार एकाच कंपनीचे आणि परस्परांना ओळखणारे असावे लागतात. कुठे किती उशीर होतो हे कंपनीने आधीच जुळवलेलं असतं आणि कोणत्या स्पीकरने आवाजाचा कोणता भाग वाजवायचा हेही वाटून दिलेलं असतं. वेगळ्या कंपनीचा साउंडबार आणून मेनूमधून दोन्ही चालू केल्याने ही जुळणी मिळत नाही.

ऐकू कमी येणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र दोन्ही आवाज खरोखर लागतात. त्यांच्या कानाला हेडफोन आणि बाकीच्यांसाठी टीव्हीचा स्पीकर. इथे तारेचा हेडफोन निवडावा, कारण तारेतून जाणाऱ्या आवाजाला ब्लूटूथसारखा उशीर होत नाही, आणि बाहेरचा जो आवाज हेडफोनच्या आत शिरतो तो कानातल्या आवाजात मिसळून जातो. मेनूमध्ये हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर एकदम असा पर्याय आहे का, हे टीव्ही विकत घेतानाच दुकानात विचारून, भोकात तार घालून बघावं. तो पर्याय नसेल, तर टीव्ही तार घुसताच आपले स्पीकर बंद करतो आणि उरलेल्या घराला काहीच ऐकू येत नाही.